आजोबा बसत आहेत की बसले आहेत?

माझ्या धाकट्या भावाचं घर खालापूरला, माझं कर्जतला. रविवारी दुपारी मी त्याच्याकडे जाते. या जुलैतल्या एका रविवारी गेले, तर घरात रुसवाफुगवी चालली होती. भाची चौथीत आहे, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. तिला गृहपाठ होता: आपल्या परिसरातला एक फोटो वहीत चिकटवा आणि त्याचं वर्णन दहा वाक्यांत करा. फोटो चिकटवून झाला होता. वर्णन तिनं लिहिलं होतं, आणि तिच्या अम्मीनंही एका वेगळ्या कागदावर लिहिलं होतं. भाचीनं तो कागद वाचला, खो खो हसली आणि म्हणाली, "अम्मी, तू पालकसभेला येऊच नकोस. अब्बांना पाठव."

माझी भावजय उत्तर प्रदेशातून लग्न होऊन आली, त्याला बारा वर्षं झाली. मराठी तिला पूर्ण समजतं. भाजीवाल्याशी, एसटीच्या कंडक्टरशी ती मराठीत बोलते. पण लिहिण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. मुलीबरोबर आपणही शिकावं म्हणून तिनं पहिल्यांदा सात-आठ ओळी लिहिल्या आणि मुलगी हसली. मी गेले तेव्हा ती चहाच्या भांड्याकडे पाठ न फिरवता म्हणाली, "आपा, रहने दीजिए. मुझसे नहीं होगा."

मी वीस वर्षं उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते आहे. असे कागद माझ्या हाताखालून हजारांनी गेलेत. मी दोघींचे कागद शेजारी शेजारी ठेवले आणि फोटो पुढ्यात घेतला.

फोटो कर्जत स्टेशनचा. भावानं पुलाच्या जिन्यावरून काढलेला. पावसाचा दिवस. पुण्याकडे जाणारी गाडी थांबलेली आहे. गाडीची मागची बाजू आपल्याजवळ आहे, आणि तिथे दोन इंजिनं दिसतात. बोरघाटाचा चढ फार उभा आहे, 37 फूट पुढे गेलं की 1 फूट वर, म्हणून बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात आणि ती गाडीला घाटावर ढकलत नेतात. कर्जतचा बटाटेवडा प्रसिद्ध झाला तो या थांब्यामुळेच. फोटोतही वडेवाला आहे, खिडकीपाशी. पुढे एक बाक, बाकावर एक आजोबा, त्यांची छत्री, बाकाखाली कुत्रा, बाजूला लाल फ्रॉकमधली मुलगी आणि जिना चढणारा एक शाळकरी पोरगा.

आधी भाचीचा कागद. तिनं लिहिलं होतं:

"आजोबा बाकावर बसत आहेत. कुत्रा बाकाखाली झोपत आहे. मुलगी लाल फ्रॉक घालत आहे. वडेवाला खिडकीसमोर उभा राहत आहे."

मी विचारलं, "ही मुलगी काय करतेय म्हणालीस?"

"लाल फ्रॉक घालतेय."

"भर फलाटावर? एवढ्या लोकांसमोर?"

तिनं फोटो पुन्हा पाहिला आणि लाजली. मग म्हणाली, "पण फुफी, गाईडमध्ये लिहिलंय, चित्रवर्णन नेहमी चालू वर्तमानकाळात करायचं."

ते गाईड कुठलं हे मी विचारलं नाही. असे नियम सगळीकडे छापलेले असतात, आणि माझा अंदाज आहे की ते इंग्रजीच्या पुस्तकातून उचललेले आहेत. इंग्रजीत चित्राचं वर्णन चालू वर्तमानकाळात चालतं, कारण तिथे 'सिटिंग' या एकाच रूपात दोन्ही गोष्टी मावतात: माणूस खाली बसण्याच्या बेतात आहे, किंवा मघाच बसून आता स्वस्थ आहे. 'वेअरिंग'चंही तसंच. मराठीत या दोन गोष्टींची दोन वेगळी रूपं आहेत. 'बसत आहेत' म्हणजे आजोबांचे गुडघे वाकलेत, हात बाकाकडे गेलाय, अजून टेकायचे आहेत. 'बसले आहेत' म्हणजे टेकले, क्रिया संपली, आता ती स्थिती उरली. फोटोत आजोबा पाय लांब करून आरामात आहेत. ते बसले आहेत.

गंमत म्हणजे बोलताना भाचीची ही चूक कधीच होत नाही. "आजोबा कुठेत?" म्हटलं तर ती "बाकावर बसलेत" असंच म्हणेल. पेन हातात घेतलं की गाईड आठवतं.

आता तिच्या अम्मीचा कागद. त्यात हेच वाक्य असं होतं: "एक आजोबा बाकवर बसले आहेत." आणि "कुत्रा बाकच्या खाली झोपला आहे." 'बाकवर' चुकलं होतं, त्याकडे येतेच. पण क्रियापद बरोबर. कारण तिच्या भाषेतही हे असंच आहे. उर्दू-हिंदीत म्हातारा 'बैठा है', 'बैठ रहा है' नव्हे. कुत्रा 'सोया है'. तिनं फक्त आपल्या कानाचं ऐकलं.

मी भाचीला म्हटलं, "ही दोन क्रियापदं तुझ्या अम्मीची बरोबर आहेत, तुझी चूक." ती गप्प बसली. भावजयीनं चहाच्या भांड्याकडे पाठ फिरवली आणि येऊन आमच्याजवळ बसली.

मग आम्ही फोटोतली क्रियापदं एकेक करून तपासली. माझ्या वर्गात मी एक युक्ती वापरते. फोटो पाच सेकंदांसाठी जिवंत झाला असं समजायचं आणि विचारायचं: या माणसाचं जे चाललंय ते पुढे सरकेल का? जिन्यावरचा पोरगा सरकेल, दोन पायऱ्या वर जाईल. तो 'चढत आहे'. पाऊस पडतच राहील, तो 'पडत आहे'. बाई खिडकीतून हात काढून वडा घेते आहे, पाच सेकंदांत वडा आत जाईल. ती 'घेत आहे'. पण आजोबा तसेच राहतील, कुत्रा तसाच, फ्रॉक अंगात तसाच. जे जसंच्या तसं राहील तिथे 'बसला आहे', 'झोपला आहे', 'घातला आहे', 'उभा आहे', 'धरली आहे'. फोटो म्हणजे थांबलेला क्षण, म्हणून त्यात थांबलेल्या गोष्टीच जास्त असतात. या फोटोची बारा वाक्यं केली तर मोजून चार चालू वर्तमानकाळात बसतात.

एका ठिकाणी आम्ही तिघी अडलो. मागच्या इंजिनांशी दोन माणसं वाकून उभी आहेत. ती इंजिन 'जोडत आहेत' की इंजिन 'जोडलं आहे'? भावजय म्हणाली जोडून झालं, भाची म्हणाली नाही. फोटो मोठा करून पाहिला. डबा आणि इंजिन यांच्यामध्ये हातभर फट दिसत होती. म्हणजे जोडत आहेत. काळ कुठला वापरायचा हे अशा वेळी व्याकरण सांगत नाही, डोळे सांगतात.

आता भावजयीच्या खऱ्या चुका. पहिली, जिच्यावर भाची सर्वांत जास्त हसली: "मुलगा जिना चढून राहिला आहे. पाऊस पडून राहिला आहे." हे 'चढ रहा है'चं शब्दशः मराठी. मी भाचीला सांगितलं, नागपूरला जा, तिकडे घरोघरी 'तो जाऊन राहिला', 'पाणी येऊन राहिलं' असंच बोलतात आणि ती अस्सल वऱ्हाडी मराठी आहे. कर्जत-खालापुरात मात्र असं कुणी म्हणत नाही आणि शाळेच्या वहीतही नको. इथे 'चढत आहे', 'पडत आहे'.

भावजयीला मी म्हटलं, हे रूप तुझ्या रूपापेक्षा सोपं आहे, बघ. उर्दूत लड़का 'चढ़ रहा है', लड़की 'चढ़ रही है', दर वेळी पुल्लिंग की स्त्रीलिंग ते बघावं लागतं. मराठीत मुलगा चढत आहे, मुलगी चढत आहे, मूलही चढत आहे. काही बदलत नाही. अनेक असले की फक्त 'आहेत'. नवशिक्या माणसाला मराठीनं एवढी एक सवलत दिली आहे, ती पुरेपूर घ्यावी. बोलताना 'चढतोय', 'चढतेय' म्हणतात, त्यात लिंग परत येतं, पण लिहिताना 'चढत आहे' धरून चालावं.

ही सवलत 'बसला आहे'ला नाही. तिथे बसला, बसली, बसलं; उभा, उभी, उभं. आणि मराठीत तिसरं लिंग आहे, जे उर्दूत नाही. 'हा स्टेशनचा चित्र आहे' असं तिनं लिहिलं होतं, कारण तिच्या लेखी चित्र पुल्लिंगी. मराठीत ते 'ते चित्र', म्हणून 'हे स्टेशनचं चित्र आहे'. इंजिनही 'ते', झाडही 'ते'. याला पाठांतराशिवाय इलाज नाही. मी मुलांना नाम एकटं लिहूच देत नाही. तो बाक, ती छत्री, ते इंजिन, असं जोडीनं लिहायचं.

फ्रॉकच्या वाक्यात आणखी एक गाठ होती, पण तिची तिलाच उकल सापडली. "मुलगीने लाल फ्रॉक घातली आहे," असं तिनं लिहिलं होतं. क्रियापद कपड्याप्रमाणे चालवायचं हे तिला उर्दूवरून माहीत होतं. तिच्याकडे फ्रॉक स्त्रीलिंगी, आमच्याकडे पुल्लिंगी, एवढाच फरक. 'मुलीनं लाल फ्रॉक घातला आहे.'

'मुलगीने' नाही, 'मुलीनं'. इथे आलो की मराठीच्या खऱ्या घाटाला सुरुवात होते.

उर्दूत जागा सांगायची तर शब्द वेगळे ठेवायचे: बेंच पर, बेंच के नीचे. मराठीत 'वर', 'खाली', 'समोर', 'मागे' हे शब्द नामाला चिकटतात, आणि चिकटण्याआधी नामाचं रूप बदलतं. व्याकरणात त्याला सामान्यरूप म्हणतात. भावजयीनं सगळीकडे नाम तसंच ठेवून पुढे 'वर' आणि 'च्या खाली' लावलं होतं: बाकवर, डोकावर, पूलवर, डबामध्ये. समजायला काही अडचण नाही. पण वाचणाऱ्याला कळतं की लिहिणारी बाहेरची आहे, आणि तिला तेच नको होतं.

सगळे नियम एका दुपारी सांगण्यात अर्थ नसतो. मी फोटोत दिसतंय तेवढंच घेतलं. 'तो बाक' होतो 'बाकावर', 'बाकाखाली'. 'ते झाड' होतं 'झाडावर'. शेवटी 'अ' ऐकू येणारे बहुतेक पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्द असे 'आ' घेतात. 'तो पूल' होतो 'पुलावर', म्हणजे 'आ' तर घेतोच, शिवाय पहिला ऊकार ऱ्हस्व होतो. रूळ, रुळावर हे त्याचंच भावंड. 'तो डबा' होतो 'डब्यात', 'तो जिना' होतो 'जिन्यावर'. 'ती खिडकी' मात्र न बदलता 'खिडकीत', 'खिडकीसमोर'. 'ती भिंत' होते 'भिंतीवर', आणि 'ती वाट' होते 'वाटेवर'. भिंतीला ई आणि वाटेला ए का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मला विचारू नकोस, वीस वर्षांत मला एकाही मुलाला याचं समाधानकारक उत्तर देता आलेलं नाही. शब्द कानावर पडत राहिले की जमतं.

इंग्रजीतून आलेले शब्द बरेचदा बदलत नाहीत: स्टेशनवर, बसमध्ये. तिथे 'मध्ये' कामाला येतं, नाहीतर बसमध्ये बसलेला माणूस 'बशीत' जाऊन पडायचा. नवशिक्या लोकांना 'मध्ये' म्हणूनच फार आवडतं, पण मग ते घरमध्ये, हातमध्ये, पाणीमध्ये असं सगळीकडे लावत सुटतात. आपले जुने शब्द 'त' मागतात. घरात, हातात, पाण्यात.

तिचं एक वाक्य मला सगळ्यांत आवडलं: "छत्री बाकने टेकली आहे." उर्दूत छत्री बेंच 'से' टिकी है. 'से'चं मराठी 'ने' असं तिला कुणीतरी कधीतरी सांगितलं असणार, म्हणून 'बाकने'. मराठीत इथे 'ला' येतो: छत्री बाकाला टेकली आहे. 'ला' म्हणजे को, एवढंच शिकवलं जातं, आणि त्याचा हा दुसरा उपयोग राहून जातो. एखादी वस्तू दुसरीला टेकलेली, अडकवलेली, लागलेली असेल तर जागा 'ला'नं सांगतात. पाठीला दप्तर, खांद्याला पिशवी, खुंटीला सदरा, दाराला कडी. आणि फलाटाला गाडी. भाचीनं लिहिलं होतं, "फलाटावर गाडी उभी आहे." अम्मीनं चटकन विचारलं, "गाडी फलाटावर कशी? ती तर रुळावर आहे ना?" तसं लोक बोलतात आणि त्यात चूक काही नाही, पण 'फलाटाला गाडी लागली आहे' हे जास्त नेटकं. आम्ही तेच घेतलं. आता हसायची पाळी अम्मीची होती.

अंगावरच्या कपड्यांची गंमतही सांगून टाकते, कारण चित्रवर्णनात ती हटकून लागते. शिवलेला कपडा मराठीत 'अंगात' असतो आणि पांघरलेला 'अंगावर'. अंगात सदरा, अंगावर शाल. पायात चप्पल, गळ्यात माळ, डोक्यावर टोपी. भावजयीनं स्वतःकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हटलं, "अंगात कुर्ता, अंगावर दुपट्टा." दुपट्टा डोक्यावर घेतला की 'डोक्यावर' आणि खांद्यावरून सोडला की 'खांद्यावर', असं भाचीनं जोडलं. ती आता हसत नव्हती. अम्मीच्या कागदात डोकं घालून बसली होती.

शेवटचा वाद इंजिनाचा. अम्मीनं लिहिलं होतं, "इंजिन गाडीच्या पुढे आहे." भाची म्हणाली, मागे. दोघी फोटोवर बोट ठेवून आपापलं दाखवू लागल्या. फोटोत इंजिन आपल्याजवळ आहे, गाडी त्याच्या पलीकडे लांब गेलेली. बघणाऱ्याच्या नजरेनं इंजिन पुढेच दिसतं. पण गाडीला स्वतःचं तोंड असतं. ती पुण्याकडे निघाली आहे, तिचं तोंड घाटाकडे, म्हणून जवळचं इंजिन तिच्या मागे. माणूस, घर, गाडी, देऊळ, मशीद, ज्यांना तोंड किंवा दार आहे त्यांचं पुढे-मागे त्यांच्यावरून ठरतं. खांबाला, झाडाला, दगडाला तोंड नसतं. 'खांबाच्या मागे मूल लपलं आहे' म्हणतो तेव्हा ते आपल्या नजरेवरून. भाऊ दारातून आत येत होता, तो म्हणाला, "मागूनच ढकलतात. पुढे लावून काय करतील?" त्यानं विषय मिटला.

मग भावजयीनं नवीन कागद घेतला. मी एक शब्दही सांगितला नाही, फक्त क्रम सुचवला: आधी जागा, मग मोठ्या हलत्या-न हलत्या वस्तू, मग माणसं, म्हणजे वाचणाऱ्याला कुठे काय आहे ते हरवत नाही. आणि नवीन माणूस आणायचा असेल तर जागा आधी. 'बाकावर एक आजोबा बसले आहेत,' असं. 'आजोबा बाकावर बसले आहेत' म्हटलं की वाटतं, कोण आजोबा, आधी कुठे भेटलो? तिनं लिहिलं:

"हे कर्जत स्टेशनचं चित्र आहे. पाऊस पडत आहे. फलाटाला पुण्याची गाडी लागली आहे. गाडीच्या मागे दोन इंजिनं आहेत. दोन माणसं ती इंजिनं गाडीला जोडत आहेत. खिडकीसमोर वडेवाला उभा आहे. एक बाई खिडकीतून हात काढून वडा घेत आहे. बाकावर एक आजोबा बसले आहेत. त्यांची छत्री बाकाला टेकली आहे. बाकाखाली कुत्रा झोपला आहे. आजोबांच्या शेजारी एक मुलगी उभी आहे. तिनं लाल फ्रॉक घातला आहे. एक मुलगा पाठीला दप्तर अडकवून जिना चढत आहे."

'ती इंजिनं' इथे ती थोडी थांबली होती, 'ते इंजिनं' लिहून खोडलं होतं. बाकी सरळ लिहिलं. तेरा वाक्यं झाली, गृहपाठ दहाचा होता. भाचीनं त्यातली दहा निवडून आपल्या वहीत उतरवली. मी कानाडोळा केला.

मगरीबनंतर निघायच्या वेळी भावजय म्हणाली, आणखी एक करू का? एकटी करते. भावाच्या मोबाइलमध्ये जुने फोटो होते, त्यातला एक तिनं स्वतःच निवडला. भाऊ टेंपो चालवतो. काही वर्षांपूर्वी चौकच्या बाजूला माल टाकायला गेला असताना तो इर्शाळगडाच्या उतारावरच्या वाडीपर्यंत चालत चढून गेला होता, तेव्हाचा तो फोटो. तिनं लिहिलं:

"चित्रात एक घर आहे. घराच्या मागे डोंगर आहे. डोंगरावर ढग उतरले आहेत. अंगणात दोन बाया बसल्या आहेत. त्या तांदूळ निवडत आहेत. त्यांच्या पुढ्यात सूप आहे. एक कोंबडी सुपाजवळ दाणे टिपत आहे. दारात एक मूल उभं आहे."

'दरवाज़े पर'चं तिनं 'दारावर' केलं नव्हतं. 'दारात' लिहिलं होतं, आणि 'मूल उभं'. मला टिंबसुद्धा बदलावं लागलं नाही.

भाची खांद्यावरून वाचत होती. ती म्हणाली, "अम्मी, हे चुकलं. बसल्या होत्या पाहिजे."

19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली आणि इर्शाळवाडी तिच्याखाली गाडली गेली. भाची तेव्हा लहान होती, पण खालापूर तालुक्यातल्या पोरांना ते कुणी सांगावं लागत नाही. त्या दिवसांत भावाच्या टेंपोतूनही सामान गेलं होतं.

भावजयीनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की चित्राचं वर्णन करतो तेव्हा काळ चित्राचा असतो. चित्रात त्या बसल्या आहेत आणि तांदूळ निवडत आहेत, म्हणून तसंच लिहायचं. पन्नास वर्षांनी कुणी हा फोटो पाहिला तरी तेच लिहील. चित्राच्या बाहेरचं काही सांगायचं असेल तर तिथे काळ बदलतो.

तिनं थोडा वेळ पेन तसंच धरून ठेवलं. वरचं काही खोडलं नाही. खाली एक ओळ जोडली: "ही वाडी इर्शाळगडाच्या खाली होती."

भावानं कागद वाचला, घडी करून टेंपोच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवला आणि मला सोडायला बाहेर आला. पालकसभा पुढच्या शनिवारी होती. दोघी मिळून गेल्या.